उलटं स्वस्तिक कुठल्या रकान्यात? जादू आणि धर्म हा भेद तपासायचा कसा

इंदूरला खजराण्याच्या गणपतीला जाऊन आलेल्यांनी मंदिराची मागची भिंत पाहिलेली असते. गणपतीच्या बरोबर पाठीशी येणाऱ्या त्या भिंतीवर लोक बोटाने उलटं स्वस्तिक काढतात, मनातली इच्छा बोलतात, आणि काम झालं की परत येऊन सरळ स्वस्तिक काढतात. घरात मराठी बोलणारी आमची मंडळीसुद्धा याला ‘उलटा सातिया’च म्हणतात. ही भिंत नीट बघायची असेल तर बुधवार टाळा, गर्दीत उभं राहता येत नाही.

मानवशास्त्राचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांना मी हीच भिंत दाखवते, कारण पहिल्याच वर्षी त्यांच्यापुढे एक जुना प्रश्न येतो: अमुक विधी ‘जादू’ समजायचा की ‘धर्म’? इथे जादू म्हणजे टोपीतून कबुतर काढणं नव्हे. मंत्र, तोडगे, करणी, उतारा या अर्थाची जादू, जिला आपल्या जुन्या अभ्यासकांनी ‘यातुविद्या’ म्हटलं. दीडशे वर्षांत या दोघांमध्ये रेघ ओढायचे बरेच प्रयत्न झाले, आणि आज बऱ्याच मानवशास्त्रज्ञांचा त्या रेघेवर विश्वास राहिलेला नाही. का राहिला नाही, हे पाठ करण्यापेक्षा एक विधी हातात घेऊन एकेक कसोटी लावून बघावी. क्रम मी सांगते तोच ठेवा.

आधी जे घडलं ते लिहा

माझी एक मावशी रामबागेत राहते. तिच्या जुन्या घराचा व्यवहार अडला होता, घेणारा पैसे देईना आणि नाहीही म्हणेना. ती खजराण्याला निघाली तेव्हा मी बरोबर गेले. वहीत लिहिलं ते असं: आधी समोरून दर्शन, दूर्वा आणि लाडू. मग प्रदक्षिणेच्या ओघात मागे. पर्समधून कुंकवाची डबी, पाण्याच्या बाटलीतले दोन थेंब झाकणात, अनामिकेने स्वस्तिक, चारही टोकं नेहमीच्या उलट दिशेला वळवलेली. ओठ हलले. मी ऐकलं ते एवढंच: “बाप्पा, काम होऊ दे, सरळ करायला येईन.” हात जोडले, बोट रुमालाला पुसलं. पुजारी कुठेच नव्हता. सगळं मिळून दोन मिनिटं.

पहिल्या टिपणात ‘जादू’, ‘श्रद्धा’, ‘अंधश्रद्धा’ आणि ‘प्रतीक’ हे चार शब्द येऊ देऊ नका. हे शब्द निष्कर्षाचे आहेत, आणि टिपणात एकदा शिरले की पुढच्या कसोट्या नावापुरत्या उरतात. नवख्यांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते. “मावशीने प्रतीकात्मक विधी केला” असं लिहून मोकळे होतात, आणि बोट कुठलं, तोंडाने काय म्हटलं, हे निसटून जातं.

विनवणी की सक्ती?

पहिली कसोटी ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझरची. त्याच्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती 1890 सालची, पण जादू, धर्म आणि विज्ञान अशा तीन पायऱ्यांची मांडणी 1900 च्या दुसऱ्या आवृत्तीत ठसठशीतपणे आली. त्याचं म्हणणं असं: जादू करणारा निसर्गाला हुकूम सोडतो. ठरलेली कृती बिनचूक केली की ठरलेलं फळ मिळालंच पाहिजे, मध्ये कुणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. या कृती दोन समजुतींवर चालतात. सारख्यातून सारखं निपजतं, ही एक. आणि एकदा एकत्र असलेल्या वस्तू दूर गेल्या तरी एकमेकींवर परिणाम करत राहतात, ही दुसरी. शत्रूची बाहुली करून टोचणं हे पहिलीचं उदाहरण, त्याचे केस-नखं मिळवणं दुसरीचं. धर्मात याउलट माणसापेक्षा श्रेष्ठ अशा शक्तीची मनधरणी असते. तिने ऐकलं तर ऐकलं.

आता भिंतीकडे वळा. काम उलटं पडलंय म्हणून चिन्ह उलटं, काम सरळ झालं की चिन्ह सरळ. सारख्यातून सारखं, म्हणजे जादू. पण मावशी बोलली ती गणपतीशी, आणि “होऊ दे” म्हणाली, म्हणजे धर्म. एकाच दोन मिनिटांच्या कृतीत बोट एका रकान्यात आणि ओठ दुसऱ्या रकान्यात.

मग मी तिलाच विचारलं, स्वस्तिक काढलं की गणपतीला काम करावंच लागतं का?

“लागतं कसलं गं? तो देव आहे, आपला नोकर आहे का?” ही म्हणजे अस्सल धर्माची व्याख्या झाली. चार दिवसांनी भाजी निवडताना तीच आपणहून म्हणाली, “पण पाठीशी कुणी वाकडं काढून ठेवलं तर त्याला तरी चैन पडेल का? सरळ करून घ्यायला त्याला काम करावंच लागतं.” ही सक्ती. दोन्ही उत्तरं तिचीच, आणि दोन्ही देताना ती गंभीर होती.

कसोटी कुठे बिघडते ते इथे दिसतं. तुमचं उत्तर विधीवर ठरत नाही, तुम्ही सोमवारी विचारलं की शुक्रवारी यावर ठरतं. हाताशी एकच मुलाखत असेल तर हा दोष दिसतही नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा विचारा.

आपल्या भाषेला तर ही सक्ती चांगलीच ठाऊक आहे. ‘देव पाण्यात घालून बसणे’ हा वाक्प्रचार आला कुठून? मूर्ती पाण्यात ठेवायची आणि काम होईपर्यंत काढायची नाही. पूजा करणारा तोच, देव तोच, आणि ओलीसही तोच. फ्रेझरलाही अशी उदाहरणं माहीत होती. 1893 साली सिसिलीत मोठा दुष्काळ पडला तेव्हा पालेर्मोच्या लोकांनी संत जोसेफची मूर्ती उघड्या बागेत नेऊन टाकली, बघ म्हणावं काय हाल आहेत ते. लिकाता गावी संत अँजेलोला बेड्या घालून “पाऊस नाहीतर फास” अशी धमकी दिली. कॅथलिक माणसं, चर्चमधले संत, आणि फ्रेझर हे सगळं सांगतो ते पावसावरच्या जादूच्या प्रकरणात.

आपल्याकडचा एक श्लोकही त्याने इंग्रजीतून उद्धृत केलाय: देवाधीनं जगत्सर्वं मन्त्राधीनाश्च देवताः. जग देवांच्या ताब्यात, देव मंत्रांच्या, मंत्र ब्राह्मणांच्या, म्हणून ब्राह्मण हेच देव. म्हणजे जादू आणि धर्म एकमेकांत मिसळलेले असतात हे त्याला कळलेलं होतं. त्यावर त्याचं उत्तर असं की ही सरमिसळ मागाहून झाली, मुळात जादू निर्भेळ होती आणि धर्म तिच्यानंतर आला. त्या निर्भेळ काळाचा पुरावा मात्र त्याच्याजवळ नव्हता. ‘पूर्वी शुद्ध होतं, पुढे भेसळ झाली’ असं कुठलाही सिद्धांत सांगू लागला की ते शुद्ध कुणी, कधी पाहिलं, हे विचारायचं.

माणसं किती, आणि कोण?

मनात काय आहे ते कळत नसेल तर बाहेरून दिसणारं बघू, असं फ्रेंच अभ्यासकांनी ठरवलं. मार्सेल मॉस आणि आंरी ह्युबेर यांनी जादूची खूण सांगितली ती अशी: जो विधी संघटित उपासनेचा भाग नाही, जो खाजगी, गुपचूप, आणि निषिद्धाच्या कडेला जाणारा आहे, तो जादूचा. एमिल दुर्खीम याने 1912 साली त्यावर कळस चढवला. धर्म माणसांना एका समुदायात बांधतो. जादूगाराजवळ असा समुदाय नसतो, त्याच्याजवळ फक्त गिऱ्हाईकं असतात, जशी वैद्याकडे.

भिंतीला ही कसोटी लावा. दिवसाढवळ्या, देवळाच्या आवारात, गर्दीत केलेली कृती गुपचूप म्हणता येत नाही. पण पुजारी नाही, पोथी नाही, शेजारी स्वस्तिक काढणाऱ्या मुलाशी मावशीचं काही नातं नाही, आणि तिची इच्छा फक्त तिची. पुन्हा अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

गिऱ्हाइकाची गोष्ट तर घरात आणून बघा. आमच्याकडे सत्यनारायण असला की गुरुजींना फोन जातो. ते येतात, संकल्प सांगतात, दक्षिणा घेतात आणि पुढच्या घरी जातात. त्या दिवशी त्यांनी केलेल्या चार घरांचा एकमेकांशी समुदाय म्हणून काही संबंध नसतो. दुर्खीमची कसोटी तंतोतंत लावली तर आमचे गुरुजी जादूगार ठरतात, आणि दर अमावास्येला ज्याच्याकडे ठरलेली मंडळी एकत्र जमतात, एकत्र जेवतात, एकमेकांच्या लग्नकार्याला जातात, तो अंगात येणारा भगत धर्माच्या बाजूला जातो. गुरुजींना हे सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

मॉसच्या खुणेत मात्र एक शब्द जपून ठेवण्यासारखा आहे, तो म्हणजे ‘निषिद्ध’. निषिद्ध कुणी ठरवलं? त्याकडे येतेच.

हेतू काय?

ब्रोनिस्लाव मॅलिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथले लोक आतल्या शांत खाजणात मासे मारतात तेव्हा जादू करत नाहीत, आणि धोक्याच्या खुल्या समुद्रात जाताना सविस्तर करतात, हे त्याचं निरीक्षण आजही लोक सांगतात. 1925 च्या निबंधात त्याने भेद असा केला: जादूला बाहेरचा, ठरलेला हेतू असतो, धर्माचा विधी स्वतःच स्वतःचा हेतू असतो. बाळंतपणात मृत्यू येऊ नये म्हणून केलेला विधी जादूचा, मूल जन्मलं म्हणून केलेला सोहळा धर्माचा.

या हिशेबाने मावशीचं स्वस्तिक सरळ जादू. पण मग परीक्षेआधीचा अभिषेक, पुत्रकामेष्टी, पावसासाठीचा यज्ञ, सगळंच जादूत जातं आणि धर्माकडे फारच थोडं उरतं. आपल्या मीमांसकांनी, म्हणजे वैदिक कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या पंडितांनी, हीच वर्गवारी कितीतरी आधी केली होती, पण रेघ भलतीकडे ओढली. रोज करायची ती नित्य कर्मं, निमित्ताने येणारी नैमित्तिक, आणि फळासाठी केलेली काम्य. तिन्ही वैदिकच. फळाची इच्छा आली म्हणून कर्म धर्माबाहेर गेलं, असं त्यांनी म्हटलं नाही.

त्यांची खरी अडचण श्येनयागापाशी झाली. शत्रूचा घात करण्यासाठी सांगितलेला हा याग. बाहुलीला टोचण्याचाच प्रकार, पण वेदात सांगितलेला. जैमिनीचं सूत्र आहे “चोदनालक्षणोऽर्थो धर्मः”, वेदाच्या आज्ञेने कळणारा ‘अर्थ’, म्हणजे हिताची गोष्ट, तो धर्म. त्यावर भाष्य लिहिताना शबराने म्हटलं, सूत्रातला ‘अर्थ’ हा शब्द याच्यासाठीच आहे. श्येन अनर्थाकडे नेतो, म्हणून तो धर्म नव्हे. आणि वेद हिंसा करायला सांगत नाही. ज्याला ती करायची आहे त्याला साधन कोणतं, एवढंच सांगतो. या वादात देवावर सक्ती आहे की देवाची विनवणी, हा प्रश्न कुणी काढतच नाही. मंत्राने फळ मिळतं, हे दोन्ही बाजूंना मान्य. वाद आहे तो कोणतं फळ मागणं योग्य, एवढाच. फ्रेझरचा प्रश्न जगातल्या सगळ्या माणसांना पडलेला असतो, हा समज मला तरी इथेच सोडावा लागला.

हा शब्द कोण कुणाला लावतं?

आता विधी बाजूला ठेवा आणि शब्दाकडे बघा. मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते.

इंग्रजीतला ‘मॅजिक’ ग्रीक भाषेतून आला, आणि ग्रीकांनी तो इराणी पुरोहितांच्या ‘मागोस’ या नावावरून केला. म्हणजे शब्दाच्या मुळाशी शेजाऱ्याचा, कधी काळच्या शत्रूचा, धर्म आहे. आपला ‘जादू’ फारसीतून आला, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं अवेस्तातल्या आणि वेदातल्या ‘यातु’ शब्दाशी जोडतात. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या 104 व्या सूक्तात ऋषी शपथ घेतो: “अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि”, मी यातुधान असेन तर आजच मरेन. पुढच्याच ऋचेत तक्रार आहे, मी तसा नसताना जो मला यातुधान म्हणतो त्याला इंद्राने मारावं. म्हणजे मंत्र म्हणणाऱ्या एका माणसावर दुसऱ्याने चेटक्या असल्याचा आळ घेतलाय, आणि तो मंत्रानेच आळ घेणाऱ्याचा नाश मागतोय! बाहेरून बघणाऱ्याला या दोघांत काय फरक दिसणार?

युरोपात हाच आळ सोळाव्या शतकात पुन्हा आला. प्रॉटेस्टंट सुधारकांनी कॅथलिकांच्या विधीला, शब्द उच्चारून भाकरीचं ख्रिस्ताच्या देहात रूपांतर होतं या समजुतीला, जादू म्हटलं. खरा धर्म म्हणजे अंतःकरणातली श्रद्धा, आणि शब्दांनी, वस्तूंनी काही घडतं म्हणणं म्हणजे जादू, अशी वाटणी त्या भांडणातून पक्की झाली. इतिहासकार कीथ थॉमस याने 1971 साली इंग्लंडमधल्या जादूच्या ऱ्हासावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा हिल्ड्रेड गीर्ट्झ या मानवशास्त्रज्ञ बाईंनी 1975 मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला: तुम्ही त्या भांडणातल्या एका पक्षाची व्याख्या उचलून मोजपट्टी म्हणून वापरताय. श्रीलंकेत जन्मलेल्या स्टॅन्ली तांबिया यांनीही पुढे दाखवलं की फ्रेझर आणि त्याच्या आधीचा मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांच्या विचारामागे हा प्रॉटेस्टंट वारसा आहे. शिवाय जादूच्या मंत्राकडे फसलेलं विज्ञान म्हणून बघू नका, असं त्यांचं म्हणणं. लग्नात “शुभमंगल सावधान” म्हणताना कुणी हवामानाचा अंदाज सांगत नसतं, त्या शब्दांनी लग्न ‘लागतं’. बरेच मंत्र त्या जातीचे आहेत.

या पायरीवर करायचं काम सोपं आहे. तुमच्या गावात ‘जादूटोणा’ हा शब्द कोण कुणाविषयी वापरतं, त्याची नोंद महिनाभर ठेवा. माझ्या वहीत आलेल्या जवळजवळ सगळ्या नोंदी दुसऱ्याविषयीच्या निघाल्या. सासू सुनेच्या माहेराविषयी, एक दुकानदार दुसऱ्याविषयी, शहरातले लोक निमाडातल्या खेड्यांविषयी. “मी जादूटोणा करते” असं एकीनेही म्हटलं नाही. मावशी दर शनिवारी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी नातवाची दृष्ट काढते, पण शेजारणीने चौकात लिंबू ठेवलं तर तिच्या मते ती ‘करणी’.

मग लिहायचं काय?

‘जादू’ हा शब्द पार टाकूनच द्यावा, असं सगळे म्हणत नाहीत. ग्रीक-रोमन धर्माचा डच अभ्यासक व्हर्सनेल याने 1991 च्या लेखात स्पष्ट म्हटलं की हा शब्द मागच्या दाराने परत येतोच, तेव्हा तो सैल अर्थाने, अनेक खुणांचा पुंजका म्हणून, उघडपणे वापरावा. मला हे पटतं, पण अर्धंच. नवख्या माणसाच्या हातात सैल शब्द दिला की तो लगेच आवळतो.

इव्हान्स-प्रिचर्ड या मानवशास्त्रज्ञाने मध्य आफ्रिकेतल्या आझांदे लोकांवरच्या 1937 च्या ग्रंथात केलं ते नवख्यांना जास्त उपयोगी पडतं. त्याने त्या लोकांचे शब्द, ‘मांगू’ म्हणजे अंगात जन्मतः असणारी चेटूकशक्ती, ‘न्ग्वा’ म्हणजे औषधी-तोडगे, एकमेकांत न मिसळता मांडले. इंग्रजी शब्द त्यानेही वापरले, पण कशासाठी कुठला ते आधी सांगून. आपल्याकडे तर शब्दांची चंगळ आहे: नवस, उतारा, दृष्ट, गंडा, ताईत, मूठ, करणी, भानामती, कौल. लेखात हेच वापरा, आणि प्रत्येकापुढे कोण करतं, कुणासाठी, कशाने, चारचौघांत की लपून, आणि बोलून दाखवताना लाज वाटते का, हे लिहा. मावशीच्या स्वस्तिकाला तिचा स्वतःचा शब्द होता ‘बोलणं’. “मी गणपतीला बोललेय.” नवस बोलणं. तो शब्द लिहिला की जादू-धर्माचा प्रश्न त्या ओळीपुरता उरत नाही.

एक गोंधळ मात्र टाळा. जादू आणि धर्म यांत रेघ ओढता येत नाही म्हटलं की कुणीतरी विचारतंच, मग भोंदूबाबालाही सोडून द्यायचं का? नाही. फसवणूक, मारहाण, उपचार थांबवणं हे ओळखायला ‘जादू म्हणजे काय’ याचा निकाल लागावा लागत नाही. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा (आमच्या मध्य प्रदेशात तो लागू नाही) वाचा. नावात ‘जादूटोणा’ आहे, पण आत जादूची तात्त्विक व्याख्या नाही. अनुसूचीत एकेका कृत्याचं वर्णन आहे, आणि पूजा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना कायदा लागत नाही असं वेगळं लिहिलंय. कायदा करणाऱ्यांनाही शेवटी कृत्यांची यादीच करावी लागली.

मावशीचा व्यवहार पाच महिन्यांनी झाला. आम्ही परत खजराण्याला गेलो. भिंतीवर तिचं उलटं स्वस्तिक सापडेना. एकावर एक इतकी बोटं उमटली होती की कुठलं कुणाचं, काही कळत नव्हतं. तिने जरा शोधलं आणि मोकळ्या जागी सरळ काढलं. मी विचारलं, “मग ते जुनं उलटंच राहिलं ना?”

“राहू दे. त्याला माहितीये कुठलं माझं.”

हे तिसरं उत्तर मी तारखेसकट पहिल्या दोन्हींच्या खाली लिहिलं. रकाना आखलेला नाही.